पन्नाशीत जवळचा नंबर दर दोन-तीन वर्षांनी वाढतो आणि साठीच्या आसपास थांबतो, असे का?

पानोपानी

माझे वय ५८ आहे. दूरचा नंबर दोन्ही डोळ्यांना जवळजवळ शून्य. चाळिशी लागली तेव्हा, म्हणजे ४६व्या वर्षी, वाचण्यासाठी १.०० नंबर मिळाला. पन्नाशीला तो १.५० झाला, ५३व्या वर्षी २.०० आणि गेल्या वर्षी २.२५. या वेळी नंबर काढणाऱ्यांनी सहज सांगितले की आता यापुढे फारसा वाढणार नाही, वाढलाच तर पाव. त्यांच्या अनुभवावर माझा विश्वास आहे, पण कारण त्यांनी सांगितले नाही आणि दुकानात गर्दी असल्याने मलाही विचारता आले नाही.

माझा प्रश्न असा आहे. वय तर थांबत नाही. गुडघे, कान, केस या सगळ्यांचे वयाबरोबरचे बदल साठीनंतरही चालूच राहतात. मग जवळच्या नंबरालाच एका ठरावीक ठिकाणी विश्रांती का मिळते? उपाय, व्यायाम किंवा आहार विचारत नाही, केवळ कारण समजून घ्यायचे आहे.

साधासुधा

माझ्या समजुतीप्रमाणे डोळ्याच्या आतला स्नायू वयाबरोबर अशक्त होत जातो. चष्मा लागला की त्याचे काम आणखी कमी होते, म्हणून तो आणखी ढिला पडतो आणि नंबर वाढतो. साठीपर्यंत तो पूर्ण निकामी झालेला असतो, त्यामुळे पुढे बिघडण्यासारखे काही उरत नाही. म्हणूनच मी ५१व्या वर्षीही शक्य तितका वेळ चष्म्याशिवाय वाचतो.

काचेपलीकडे

मी गेली अनेक वर्षे डोळे तपासण्याचे आणि नंबर काढण्याचेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

साधासुधा यांच्या शेवटच्या वाक्याआधीचा निष्कर्ष, म्हणजे ‘पुढे बिघडण्यासारखे काही उरत नाही’, हा बरोबर आहे. कारण मात्र दुसरे आहे. जवळचे पाहताना आतला सिलियरी स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला धरून ठेवणारे तंतू सैल पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणामुळे अधिक फुगीर होते. हे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५५ साली मांडले आणि मुख्य आराखडा म्हणून ते आजही टिकून आहे. वयाबरोबर जाते ती प्रामुख्याने भिंगाची लवचिकता. भिंगात जन्मभर नवे थर चढत राहतात, जुने थर बाहेर टाकले जात नाहीत, ते आत दाबले जातात आणि गाभा कडक होत जातो. स्नायू उतारवयातही आकुंचन पावताना दिसतो. तो जोर लावतो, पण भिंग आकार बदलत नाही. त्यामुळे चष्मा लावल्याने स्नायू ढिला पडतो आणि म्हणून नंबर वाढतो, हे खरे नाही. ज्यांनी पन्नाशीपर्यंत चष्म्याला हातही लावला नाही, तेही माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या वयाला साजेसाच नंबर निघतो.

आता मूळ प्रश्न. जवळचा नंबर, ज्याला आम्ही ‘ॲड’ म्हणतो, तो डोळा किती बिघडला याचे माप नाही. ती एक वजाबाकी आहे. ज्या अंतरावर तुम्ही वाचता त्या अंतराला किती ताकद लागते, त्यातून तुमचे भिंग स्वतः किती पुरवू शकते ते वजा करायचे, आणि उरेल ते काचेने द्यायचे. ४० सेंटिमीटरवर पुस्तक धरले तर एकूण मागणी २.५० डायॉप्टर, कारण १ मीटरला ०.४० मीटरने भागले की २.५० येतात. ही मागणी विशीत तेवढीच होती आणि ऐंशीतही तेवढीच राहील. बदलतो तो फक्त भिंगाचा वाटा. तो शून्यावर आला की वजाबाकीचे उत्तर मागणीइतकेच होते आणि शून्याच्या खाली जाण्याची सोय भिंगाला नाही. म्हणून नंबर थांबतो. डोळ्याचे वय होणे मात्र थांबलेले नसते.

आकडेमोड

मग हे उत्तर माझ्या चष्म्याला लागू पडत नाही. वय ६२. मी तयार मिळणारा वाचण्याचा चष्मा वापरतो आणि तो ३.२५ चा आहे. तुमच्या हिशोबाने २.५० च्या पुढे जायलाच नको होते. शिवाय दोन वर्षांपूर्वी तो ३.०० होता, म्हणजे अजूनही वाढतोच आहे.

काचेपलीकडे

आकडेमोड, तुम्हाला चष्म्याशिवाय दूरची पाटी कशी दिसते? आणि कधी दूरचा नंबर काढला होता का?

आकडेमोड

दूरचे ‘ठीक’ दिसते असे मी म्हणत आलो. गेल्या वर्षी तपासणीत दूरसाठी अधिक ०.७५ सांगितला होता, पण गाडी चालवायला अडत नाही म्हणून तो चष्मा केला नाही.

काचेपलीकडे

तर तुमचा ॲड २.५० च आहे. तयार चष्म्यावर लिहिलेला आकडा हा दूरचा नंबर आणि ॲड यांची बेरीज असतो. दूरचे अधिक ०.७५ आणि जवळचे २.५०, मिळून ३.२५. पूर्वीचा ३.०० चा चष्मा बहुधा तेव्हाच्या अधिक ०.५० आणि २.५० यांचा होता. वाढला तो दूरचा भाग.

हे विशेष घडते कारण पन्नाशी-साठीत अनेकांचा दूरचा नंबर किंचित अधिककडे सरकतो. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे डोळ्यातला खरा बदल. दुसरी म्हणजे जो थोडासा अधिक नंबर तरुणपणी भिंग जोर लावून झाकून ठेवत असे, तो भिंगाची ताकद संपल्यावर उघडा पडतो. उणे नंबरवाल्यांचे उलट होते. ज्यांचा दूरचा नंबर उणे २.५० आहे, ते चष्मा काढून ४० सेंटिमीटरवर आरामात वाचतात आणि ‘मला चाळिशी लागलीच नाही’ असे सांगत फिरतात. त्यांचाही ॲड वयाप्रमाणे वाढत गेलेला असतो, फक्त तो त्यांच्या उणे नंबराने आधीच भरून काढलेला असतो.

तेव्हा आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे असतील तर कागदावर दूरचा आकडा आणि ॲड वेगवेगळे लिहिलेले आहेत का, हे आधी पाहावे. निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

सुईदोरा

मी बारीक भरतकाम करते. वय ५७. मला ३.०० चा ॲड दिला आहे, दूरचा नंबर शून्य. माझ्या वयाच्या मैत्रिणीला २.२५ आहे. माझ्या डोळ्यांत काही अधिक बिघाड आहे का, हा विचार महिनाभर मनात होता. वरील हिशोब वाचल्यावर मी टेप घेऊन मोजले. सुई मी साधारण ३० सेंटिमीटरवर धरते.

काचेपलीकडे

३० सेंटिमीटरची मागणी ३.३३ होते. त्यातला थोडा भाग तुमच्या भिंगाकडून आणि बाहुलीच्या लहान छिद्राकडून भागतो, म्हणून ३.०० योग्यच आहे. मैत्रीण ४२ सेंटिमीटरवर वाचत असेल. तुमचा नंबर तिच्यापेक्षा वरच्या आकड्यावर थांबेल, इतकेच. हेच उंचीने लहान आणि हात आखूड असलेल्या माणसांच्या बाबतीतही होते. मात्र ३.०० च्या त्या चष्म्याने पुस्तक वाचताना तुम्हाला ते नाकापाशी आणावे लागत असेल. वाचण्यासाठी वेगळा, कमी आकड्याचा चष्मा करून घ्या.

पानोपानी

थांबण्याचे कारण समजले. आता चढण्याचे विचारतो. भिंग जर रोज थोडे थोडे कडक होते, तर नंबर सावकाश, अखंड वाढायला हवा. माझ्या आकड्यांत मात्र पायऱ्या दिसतात. दोन-तीन वर्षे काही नाही आणि मग एकदम अर्धा. त्या वेळी डोळ्यात काही वेगळे घडते का?

काचेपलीकडे

डोळ्यात पायऱ्या नसतात, त्या काचेच्या पेटीत असतात. नंबर ०.२५ च्या पटीतच दिला जातो, त्यामुळे सरळ उतार आम्हाला जिन्यासारखा दिसतो. एका माणसाचा हिशोब मांडून दाखवतो. दृष्टितज्ज्ञ हॉफस्टेटर याने डच नेत्रतज्ज्ञ डॉन्डर्स याच्या आणि त्यानंतरच्या मोजमापांवरून वयानुसार भिंगाची ताकद सांगणारी सोपी सूत्रे बसवली. डॉन्डर्सचा मूळ ग्रंथ १८६४ चा आहे. त्या सूत्रांपैकी किमान ताकदीचे सूत्र असे:

`ताकद = १५ − (०.२५ × वय)`

४६व्या वर्षी ही ताकद ३.५० येते, ५०व्या वर्षी २.५०, ५४व्या वर्षी १.५० आणि ५८व्या वर्षी ०.५०. आता आणखी एक व्यवहार लक्षात घ्या. पूर्ण ताकद लावून कोणी तासभर वाचू शकत नाही, डोके दुखू लागते. म्हणून आम्ही निम्मीच ताकद हिशोबात धरतो आणि निम्मी राखीव ठेवतो. ४० सेंटिमीटरच्या २.५० मागणीतून ही निम्मी वजा केली की ४६ला ०.७५ उरतात, ५०ला १.२५, ५४ला १.७५, ५८ला २.२५ आणि ६०ला पूर्ण २.५०.

वर्षाला पाव ताकद कमी होते, पण निम्मीच धरल्यामुळे ॲडमध्ये वर्षाला पावाचा अर्धा इतकीच भर पडते. म्हणजे एक पाव नंबर वाढायला बरोबर दोन वर्षे लागतात. पाव कमी पडला तरी बहुतेक लोक पुस्तक थोडे लांब धरून किंवा दिवा जवळ घेऊन निभावतात. अर्धा कमी पडला की तक्रार घेऊन येतात. तुमच्या तीन-चार वर्षांच्या अंतराचे आणि अर्ध्याच्या उडीचे मूळ यात आहे. तुमचे सुरुवातीचे आकडे सूत्रापेक्षा पाव-अर्ध्याने वर आहेत, पण चाल तीच आहे आणि शेवटी दोन्ही एकाच जागी येतात. या सूत्रांत सरासरीचे आणि कमाल ताकदीचे सूत्रही आहे आणि त्यांतून ॲडचे आकडे बरेच कमी येतात. म्हणून वयावरून नंबर ठरवू नये, त्यावरून फक्त अंदाज बांधावा.

साधासुधा

स्नायूबद्दलचे म्हणणे वाचले. पूर्णपणे पटले असे म्हणत नाही, कारण चष्मा न लावता वाचल्याचा मला सकाळी निश्चित फायदा जाणवतो. खिडकीपाशी बसलो की बारीक अक्षरेही दिसतात.

आकडेमोड

साधासुधा, खिडकीपाशी बसल्यावर तुमची बाहुली लहान होत असेल. संध्याकाळी दिव्याच्या पिवळट उजेडात तेच पान घेऊन बघा.

काचेपलीकडे

आकडेमोड यांनी नेमके सांगितले. छिद्र लहान झाले की स्पष्ट दिसण्याचा पट्टा रुंदावतो. कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहिले तरी चष्म्याशिवाय अक्षर लागते. सकाळचा तो फायदा खरा आहे, पण तो उजेडाचा आहे.

टिपणवही

मला इथे एक अडचण दिसते. मी ६३ वर्षांचा आहे. पट्टीवर पुढे सरकणारे अक्षर वाचायच्या चाचणीत माझी उरलेली ताकद १ डायॉप्टर निघाली. वरच्या सूत्राने ती साठीलाच शून्य व्हायला हवी होती. उलट मी असेही वाचले आहे की यंत्राने भिंगाचा बदल थेट मोजला तर तो पन्नाशीच्या सुरुवातीच्या वर्षांतच जवळजवळ शून्यावर येतो. दोन्ही खरे कसे? आणि दुसरे खरे असेल तर ५२ ते ६० या काळात नंबर वाढतो तरी कशामुळे?

काचेपलीकडे

आतापर्यंतचा सर्वांत चांगला प्रश्न, आणि याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही.

पहिला भाग सोपा आहे. पट्टीच्या चाचणीत तुम्ही ‘आता धूसर झाले’ असे सांगता तेव्हा माप थांबते. थोडे धूसर झालेले अक्षरही माणूस वाचतो, आणि साठीनंतर बाहुली लहान झालेली असल्याने तर अधिकच सहज वाचतो. त्यामुळे भिंग हललेही नसताना साधारण १ डायॉप्टर ‘ताकद’ कागदावर येते. तिला ताकद म्हणणे चूक आहे, ती धूसरपणा सोसण्याची सवलत आहे. हीच सवलत असल्यामुळे बहुतेकांचा ॲड ४० सेंटिमीटरच्या पूर्ण २.५० पर्यंत न जाता २.२५ वरही सुखाने थांबतो.

दुसऱ्या भागात माझ्या मते तीन-चार गोष्टी मिळून काम करतात. आकडेमोड यांच्यासारखा दूरचा नंबर थोडा अधिककडे सरकलेला असतो आणि तो काढलाच नसेल तर जवळच्या आकड्यात जाऊन बसतो. भिंग पिवळसर आणि किंचित गढूळ होत असल्याने अक्षर आणि कागद यांतला फरक कमी जाणवतो, म्हणून पूर्वी चालणारा धूसरपणा आता चालत नाही. तिसरी गोष्ट आमच्याकडची आहे. ५२ला कोणाला एकदम २.२५ दिले तर तो ‘चक्कर येते’ म्हणून परत येतो, म्हणून आम्ही पाव-अर्ध्यानेच वर नेतो. जिन्याचा काही भाग आम्हीच बांधलेला आहे. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही.

टिपणवही

म्हणजे नंबरवाढीच्या शेवटच्या काही वर्षांत भिंगाचा वाटा कदाचित नगण्य असेल आणि तरीही आलेख भिंगाचाच वाटतो. मला हे पूर्ण समाधानकारक वाटत नाही, पण प्रामाणिक वाटले.

मावळतीकडे

माझ्या वडिलांसाठी विचारते. वय ७१. ॲड दहा वर्षे २.५० होता. आता वाचताना अक्षर फिकट दिसते म्हणतात. दुकानात ३.०० लावून पाहिला तर पुस्तक जवळ घ्यावे लागले, पण फिकटपणा गेला नाही. शिवाय गंमत म्हणजे हल्ली ते कधीकधी चष्मा काढून वर्तमानपत्राचे मथळे आणि मजकूरही वाचतात. नंबर उतरला, असे घरात सगळे आनंदाने सांगत आहेत.

काचेपलीकडे

त्यांचे डोळे लवकर तपासून घ्या. नंबर स्थिरावल्यावर पुन्हा हालचाल दिसली की ती ॲडची नसते, दुसऱ्या कशाची तरी असते. भिंगाचा गाभा दाट होऊन मोतीबिंदू बनू लागला की डोळा उणे नंबराकडे सरकतो. दूरचे धूसर होते आणि चष्म्याशिवाय जवळचे दिसू लागते. घरच्यांना तो नंबर उतरल्याचा आनंद वाटतो. अक्षर फिकट दिसणे आणि ॲड वाढवूनही फरक न पडणे, हेही त्याच दिशेने बोट दाखवतात. मात्र मागच्या पडद्याचा काही त्रास असेल तरही अक्षर मोठे करून पाहावेसे वाटते, म्हणून बाहुली मोठी करून तपासणी करायला सांगा. सरळ रेषा वाकड्या दिसत असतील किंवा बदल एकाच डोळ्यात आणि अचानक झाला असेल, तर थांबूच नका. मधुमेह असेल तर साखर वरखाली होतानाही नंबर हलतो आणि त्या दिवसांत काढलेला नंबर टिकत नाही.

पानोपानी

एक व्यावहारिक प्रश्न. सगळ्यांचा मुक्काम जर २.५० च्या आसपासच असेल, तर ५०ला किंवा आजच तो आकडा घेऊन टाकला तर मधल्या पायऱ्यांचे चष्मे वाचणार नाहीत का?

काचेपलीकडे

वाचतील, पण वाचण्याचा पट्टा जाईल. ॲडने जवळचे जेवढे मिळते तेवढेच लांबचे कापले जाते. १.५० च्या काचेतून, भिंग शांत असताना, सर्वांत स्पष्ट अंतर ६७ सेंटिमीटर असते आणि पन्नाशीतले भिंग अजून २ डायॉप्टर भर घालू शकत असेल तर तो माणूस २९ सेंटिमीटरपर्यंत आत येऊ शकतो. पुस्तक आणि संगणकाचा पडदा दोन्ही त्यात बसतात. त्याच माणसाला २.५० दिले तर ४० सेंटिमीटरच्या पलीकडचे सगळे धूसर, आणि आतली जी सोय मिळते ती २२ सेंटिमीटरपर्यंतची, जिथे कोणी पुस्तक धरत नाही. प्रोग्रेसिव्ह काचेत तर ॲड जितका जास्त तितका मधला स्पष्ट भाग अरुंद आणि कडेचा विकृतपणा अधिक.

तुमच्यापुरते पाहायचे असेल तर तुमचा २.२५ लावा, नेहमीच्या उजेडात बारीक मजकूर हळूहळू पुढे-मागे करा आणि स्पष्ट दिसण्याची दोन्ही टोके टेपने मोजा. नेहमी जिथे पुस्तक धरता ते अंतर त्या पट्ट्याच्या मध्याजवळ असेल तर काच योग्य आहे. ते पलीकडच्या टोकाला असेल तर आकडा जास्त आहे, आतल्या टोकाला असेल तर कमी.

पानोपानी

मोजले. स्पष्ट पट्टा ३८ ते ५४ सेंटिमीटर, पुस्तक धरतो ते ४३ वर. संगणकाचा पडदा ६५ वर आहे आणि तो धूसर दिसण्याचे कारणही आताच कळले. त्यासाठी वेगळा चष्मा १.५० चा घ्यावा, असे वाटते.

काचेपलीकडे

६५ सेंटिमीटरची मागणी १.५४ आहे, म्हणून १.५० बरोबर. वाचण्याचा २.२५ तसाच ठेवा.

सुईदोरा

मीही मोजले. माझा ३.०० चा पट्टा २९ ते ३८ सेंटिमीटर आला, इतका अरुंद. दिवा मोठा केल्यावर तो ४० पर्यंत गेला. सुईसाठी हा आणि वाचण्यासाठी दुसरा, असे करते. पण टिपणवही यांच्या प्रश्नाचे आणखी कोणाला काही माहीत असेल तर कृपया लिहावे. मला तो अजून सुटलेला वाटत नाही.